जेऊरला गेलेला दिवाळीचा डबा

आमच्या पेठेतल्या महिला मंडळात मी दोन-अडीच वर्षं काम केलं, आणि त्यातले बहुतेक दिवस काळजीत काढले. काळजी करणं हा माझा स्वभावच होता. आई म्हणायची, हिला काही नसेल तर शेजारच्यांच्या दुधाची काळजी, उतू जाईल म्हणून. मंडळात पापड, शेवया, शेंगाची चटणी असं वर्षभर चालायचं, पण खरा घाणा निघायचा तो दिवाळीला. शाळेमागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. एका खोलीत चुली आणि कढया, दुसऱ्या खोलीत डबे भरायचे. विणकरांच्या घरातल्या तेलुगू बायका चकल्या पाडायच्या आणि आपसात भराभर बोलत हसायच्या. मला एक अक्षर कळत नसे, आणि आपल्यालाच हसतायत असं दर वेळी वाटायचं.

मंडळाच्या प्रमुख होत्या त्यांना सगळे आक्का म्हणत. उंच, सावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हात सढळ, आवाज त्याहून सढळ. आक्कांना पावशेर मागितलं तर त्या सव्वा पावशेर घालत आणि वर मूठभर घालत. मंडळ फायद्यात कसं चालतं हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. मी मॅट्रिक होते आणि अक्षर बरं होतं, म्हणून मागण्या लिहून घेणं आणि डब्यातले निरोप लिहिणं माझ्याकडे आलं.

त्या साली परगावी पाठवायच्या डब्याचं पत्रक आम्ही पहिल्यांदाच छापून घेतलं. गुलाबी कागदावर, चार कोपऱ्यांत चार पणत्या. मजकूर माझा, त्यामुळे मला अजून जवळजवळ पाठ आहे. वर मोठ्या अक्षरात 'दिवाळीची घरची भेट'. त्याखाली 'डब्यात काय असेल': चिवडा, चकली, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, करंज्या, सोलापूरची शेंगाची चटणी, शिवाय उटणं, सुवासिक तेलाची कुपी, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि एक खण. मग बांधणी: कोरा पत्र्याचा डबा, झाकणाच्या सांध्याला खळ लावलेली पट्टी, वरून मांजरपाट शिवून टाक्यांवर लाखेचे ठिपके. मग निरोप: तीन ओळींपर्यंत, सुवाच्य अक्षरात, त्याला वेगळे पैसे नाहीत. आणि सगळ्यात खाली, ठळक: 'रेल्वेने जाणाऱ्या डब्यांची मागणी कोजागिरीपर्यंतच. त्यानंतर आलेला डबा वसुबारसेच्या आत पोचेल याची हमी मंडळ देत नाही.'

ही शेवटची ओळ मी आक्कांशी भांडून घातली होती. त्यांचं म्हणणं, दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं. माझं म्हणणं, पाडव्यानंतर पोचलेल्या करंजीचं काय करायचं, पुढच्या दिवाळीला ठेवायची? एवढी एकच लढाई मी त्यांच्याशी जिंकले असेन.

कोजागिरीच्या दिवशी व्हायची तीच गर्दी झाली. आपल्याकडे मुदत दिली की लोक मुदतीच्या दिवशीच येतात. संध्याकाळी सगळं आवरत असताना एक बाई आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, हातात ते गुलाबी पत्रक घडी घालघालून मऊ झालेलं. त्यांना डबा जेऊरला पाठवायचा होता, लेकीच्या सासरी. पत्ता लेकीच्या सासऱ्यांच्या नावाचा दिला. मग पत्रकावर बोट ठेवून म्हणाल्या, फक्त फराळ घाला, चटणीपर्यंत, त्याच्यापुढचं नको. मी सांगितलं की पैसे तेवढेच पडतील. त्या म्हणाल्या, पडू देत. निरोप विचारला तर पत्रकाची घडी मोडून पुन्हा घातली. नंतर म्हणाल्या, काय लिहावं ते महिनाभर सुचत नाहीये, म्हणून तर आज शेवटच्या दिवशी आले. निरोप राहू दे. मी तसं लिहून घेतलं. मागे दोघीजणी उभ्या होत्या, कढईतला शेवटचा घाणा निघत होता, आणि त्या बाई इतक्या हळू बोलत होत्या की मला काही विचारायचं सुचलं नाही.

डबे भरायच्या दिवसांत निरोपांचा असा ढीग व्हायचा की हात दुखून यायचा. म्हणून मी तीन तऱ्हांच्या चिठ्ठ्या आधीच लिहून गठ्ठे करून ठेवले होते: मुलाला, भावाला आणि लेक-जावयाला. ज्यांना स्वतःचं काही सुचत नसे ते यातली एक पसंत करत. बहुतेकांना काहीच सुचत नसे. जेऊरचा डबा ज्या दिवशी भरला त्या दिवशी मी घरी तापानं पडून होते. आक्कांनी स्वतः बसून डबे भरले. पाठवणीची एक रीत होती: हमालाबरोबर डबे स्टेशनवर जायचे, पार्सल ऑफिसात नोंद व्हायची, आणि रेल्वेची पावती आम्ही रजिस्टर पोस्टानं घेणाऱ्याकडे पाठवायचो. ती पावती दाखवल्याशिवाय तिकडच्या स्टेशनवर डबा हातात पडत नसे.

वसुबारस चार दिवसांवर असताना त्या बाई पुन्हा आल्या. चेहरा जरा मोकळा होता. डबा गेला का विचारलं. परवाच गेला म्हटल्यावर 'अगंबाई' म्हणाल्या, मग हसल्या. निरोप सुचला होता त्यांना. दोनच शब्द, म्हणाल्या, पण राहिले. असू दे, पुढच्या वेळी. आक्का तिथेच तराजू पुसत होत्या. त्यांना कौतुक करून घ्यायची हौस फार. त्या म्हणाल्या, 'काळजी करू नका की बाई. तुमचा डबा मी माझ्या हातानं भरलाय. तुम्ही नको म्हटलं तरी उटणं, कुंकू, खण समदं घातलंय, मंडळाकडनं. लेकीला काय रिकामा डबा धाडायचा? चिठ्ठीपण घातली लेक-जावयाची. वरनं कुंकवाचं बोट लावलं.'

त्या बाई पाटावर बसल्या. मी पाणी आणलं ते त्यांनी घेतलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं की जावई श्रावणात गेले. मोटेच्या विहिरीत उतरले होते, वर आले नाहीत.

त्या घरी यंदा दिवाळी नव्हती. आपल्याकडे ज्या घरी माणूस जातं त्या घरी वर्षभर सणाची कढई चढत नाही. फराळ बाहेरून येतो, सोयऱ्याधायऱ्यांकडून, आणि येतो तो न बोलता. कुणी शुभेच्छा देत नाही, डब्याला कुंकू लावत नाही. नुसता ठेवून जातात. त्या बाईंना हे सगळं इतकं ठाऊक होतं की ते बोलून सांगावं लागेल असं त्यांच्या मनातच आलं नाही. आणि गर्दीत, तळणाच्या वासात, लेक विधवा झाली हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नसतील. आक्कांना वाटलं होतं की बाई काटकसर करतायत, चार वस्तू कमी करून पैसे वाचवतायत, पण लाजेनं सांगत नाहीत. गरीब आईच्या लेकीची ओटी रिकामी जाऊ नये म्हणून त्यांनी मंडळाच्या नावाखाली, बहुतेक स्वतःच्या पदरच्या पैशानं, ते सगळं घातलं. सढळ हाताचा माणूस चुकला की चूकही सढळच होते.

मी तर त्या चिठ्ठीनं हादरले. ती माझ्याच अक्षरात होती. 'चि. सौ. लेकीस व चि. जावईबापूंस, ही दिवाळी तुम्हा दोघांना सुखाची जावो. तुमचा जोडा शंभर वर्षं असाच राहो.' लिहिताना मला ती ओळ फार झकास वाटली होती.

त्या बाई रडल्या नाहीत, आणि तेच जास्त भीतीचं वाटलं. त्या एकेक सांगत गेल्या. पोरगी बावीस वर्षांची. दोन महिने धड बोलत नव्हती, जेवत नव्हती. आता कुठे ताटावर बसायला लागली होती. सासू कडक. तेराव्याला गेल्या तेव्हा सासूनं यांच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. भाऊबीजेला लेकीला भावानं माहेरी आणायचं, जमलं तर इथे मास्तरणीच्या कोर्सला घालायचं, असं यांच्या मनात होतं. पण ते सासूच्या हो म्हणण्यावर होतं. हा डबा पाठवला तो त्यासाठीच, तुमच्या दुःखात आम्ही आहोत एवढं कळावं म्हणून. आता विधवा लेकीच्या पुढ्यात कुंकू आणि खण जाणार, आणि ज्या घरचा मुलगा गेला त्या घरी जोडा शंभर वर्षं राहो अशी चिठ्ठी. थट्टा केली म्हणतील, त्या म्हणाल्या. माझं तोंड बघणार नाहीत, आणि पोरगी तिथेच राहील.

मी म्हटलं, पावती अजून पोचली नसेल, रजिस्टर पत्राला दोन-तीन दिवस लागतात, डबा स्टेशनवरच असेल. हे मी त्यांना धीर द्यायला म्हटलं की स्वतःला, सांगता येत नाही. तार करावी असं एकीनं सुचवलं. पण तारेत लिहायचं काय? 'डबा उघडू नका' म्हटलं की आधी उघडतील. त्या बाई स्वतः जायला धजत नव्हत्या; आधीच सासूचा असा राग, त्यात अवचित दारात उभं राहिलं तर भांडायलाच आली म्हणतील. आक्का इतका वेळ तराजू हातात धरूनच उभ्या होत्या.

'घातलं मी,' त्या म्हणाल्या, 'काढून पण मीच आणीन. तू चल माझ्यासंगं, तुला वाचता येतं.'

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही निघालो. त्या गाडीला काही घाई नव्हती. प्रत्येक स्टेशनवर ती थांबायची आणि पुन्हा निघायचं विसरून गेल्यासारखी उभी राहायची. कुर्डुवाडीला तर बराच वेळ गेला. समोरून मेल यायची होती म्हणे. फलाटावर पंढरपूरच्या छोट्या गाडीची माणसं इकडून तिकडे जात होती, आणि मी मनातल्या मनात पोस्टमनच्या मागे धावत होते. पत्र सोलापुरातून निघालं असेल, कुर्डुवाडीला उतरलं असेल, जेऊरला पोचलं असेल, पोस्टमन जेवायला गेला असेल. तो जेवायला गेलेला असावा म्हणून मी देवाला हात जोडले. आक्कांनी भाकरी सोडली पण खाल्ली नाही. एरवी गाडी हलायच्या आत शेजारच्या बाईची चौकशी करून तिला भाकरी वाढणारं माणूस. मध्येच म्हणाल्या, 'त्या पोरीनं उघडला असंल तर गं?' मला उलटून बोलायचं होतं की तुम्हाला नको ते घालायची सवयच आहे. पण न खाल्लेली भाकरी त्या पुन्हा फडक्यात बांधत होत्या, म्हणून तोंड आवरलं.

जेऊरला उतरलो आणि सरळ पार्सलच्या खिडकीशी गेलो. कारकून चष्मा लावून काही लिहीत होता. सोलापूरचा, मांजरपाटातला, लाखेचे ठिपके असलेला डबा, मी एका दमात सांगितलं. तो म्हणाला, काल गेला. पावती घेऊन कोण आलं होतं विचारलं तर म्हणाला, एक म्हातारी. आणखी काही सांगावं की नाही अशा नजरेनं त्यानं आमच्याकडे पाहिलं, पण नाही सांगितलं. आक्का भिंतीला टेकल्या. आता घरी जाऊन काय करायचं, माफी मागायची की तोंड लपवून परतीची गाडी धरायची, हेच कळेना. मला परतावंसं वाटत होतं, खरं सांगते. पण आक्कांनी पदर खोचला आणि घर विचारायला लागल्या.

घर स्टेशनपासून फार लांब नव्हतं. रस्त्यात मी काय बोलायचं ते जुळवत होते आणि दर दहा पावलांना ते मोडत होतं. अंगणात भुईमुगाच्या वेलांचा ढीग पडला होता आणि एक म्हातारी शेंगा तोडत बसली होती. हडकुळी, काळ्या काठाचं लुगडं, कपाळावर कुंकवाची जुनी चीर. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही नाव-गाव सांगायच्या आधीच विचारलं, 'सोलापूरच्या का?' आक्कांनी मान हलवली. म्हातारी म्हणाली, 'आत या. पाणी घ्या आदी.'

पाणी सुनेनं आणलं. हीच ती लेक. बारीक, डोळ्यांखाली काळं, कपाळ मोकळं. मी तिच्याकडे चोरून बघत होते, काही कळतंय का. पण ती आमच्यापुढे ताटली ठेवत होती, आणि ताटलीत आमच्याच चकल्या होत्या, आमचाच चिवडा. कुंकू, खण, उटणं कुठेही दिसत नव्हतं. आईनं निरोप दिलाय असं मी तिला म्हटलं. काय, तिनं विचारलं. तिच्या आईला सुचलेले दोन शब्द मी सांगितले: 'खाऊन घे.' तिनं मान खाली घातली. मग ताटलीतली अर्धी करंजी मोडून आमच्यासमोर तोंडात टाकली, आणि चावत चावत आत गेली. आईच्या हातची नाहीये ही, आतून म्हणाली, पण बरी आहे.

म्हातारी आम्हाला पोचवायला रस्त्यापर्यंत आली. घर नजरेआड झालं तशी थांबली आणि कमरेच्या पिशवीतून एक पुडकं काढलं. कुंकवाच्या पुड्या, तेलाची कुपी, उटणं, खण. सगळं नीट खणातच बांधलेलं. आक्कांनी हात जोडले आणि सांगायला लागल्या की चूक त्या आईची नाही, तिनं नको म्हणून सांगितलं होतं, मीच अडाणीपणा केला. म्हातारीनं त्यांना पुरतं बोलू दिलं नाही.

'कळलं मला. आई असलं धाडायची न्हाय. डब्यावर कुंकू बघितलं आन् मला शंका आली. घरी न्हेलाच न्हाय तसा. ठेसनातच हमालाकडनं शिवण उसवून घेतली, ह्ये भायेर काडलं, मग न्हेला. पोरीला ठावं न्हाय.'

आक्का रडायलाच लागल्या. एवढी दांडगी बाई भर रस्त्यात पदर तोंडाला लावून रडत होती. मला वाटलं, चला, निभावलं. म्हातारी म्हणाली की भाऊबीजेला पोरीच्या भावाला येऊ द्या, धाडते मी तिला. हितं माज्याकडं बघत बसून तिचं काय व्हायचंय. तेराव्याला तिनं विहिणीकडे मान वर करून पाहिलं नाही ते का, हेही तिनं सांगितलं. पाहिलं असतं तर रडू आवरलं नसतं, आणि मग पोरीला कोण सावरणार होतं?

मी चिठ्ठी मागितली. आम्ही ती फाडून टाकायचं ठरवलं होतं. म्हातारीनं पुडक्यात चिठ्ठी घातलीच नव्हती. ती तिच्या चोळीत होती. तिथून काढून तिनं ती हातात धरली, पण दिली नाही.

'मला वाचता येत न्हाय,' ती म्हणाली. 'पार्सलच्या बाबूनं वाचून दाकवली. तो वाचायचा थांबला मदीच, त्याला कळलं. मी म्हटलं, वाचा. जावईबापू म्हटलंय की माज्या लेकाला. गेल्यापासनं त्याला समदी मयत म्हनत्यात, कागदावर पन मयतच. ह्यात त्यो हाय अजून.' मग जरा थांबून म्हणाली, 'कुकू घिऊन जावा. चिट्टी ऱ्हाऊ द्या माज्यापाशी.'

ती चिठ्ठी त्या घराला फक्त दुखावणारच असं आम्ही काल दिवसभर आणि आज गाडीत धरून चाललो होतो. त्या डब्याच्या पत्त्यावर ज्यांचं नाव होतं त्यांच्या घरात तिच्यात कुणाला आपला गेलेला मुलगा भेटेल, हे आम्हा तिघींपैकी, त्या आईसकट, कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

गाडीची वेळ होत आली होती. म्हातारीनं चिठ्ठी उलगडली आणि माझ्यापुढे धरली. बाबूनं घाईत वाचली, म्हणाली, तुम्ही जरा सावकाश वाचा. मी वाचली. 'जावईबापूंस' म्हटल्यावर तिनं हात वर केला, म्हणून मी थांबले. ती म्हणाली, तेवढंच परत.